अक्षरे मोजा, मगच उलटा: शब्दकोड्यातील उलटसुलट शब्द ओळखण्याची रीत

मराठी शब्दकोड्यात ‘उलटसुलट सारखाच’, ‘शेवटाकडून वाचला तरी तोच’ किंवा ‘उलटा केल्यास अमुक’ अशी सूचना आली की बरेच जण शब्द मनातल्या मनात उच्चारून उलटा करू पाहतात आणि तिथेच चूक होते, कारण कान ध्वनी उलटे करतो आणि कोड्याच्या घरात मात्र अक्षर बसलेले असते. ‘नाव’ हा शब्द कानाने उलटला तर ‘वान’ ऐकू येतो, पण घरात पाहिले तर पहिल्या चौकोनात ‘ना’ आहे आणि दुसऱ्यात ‘व’, म्हणून उलट वाचन ‘वना’ असे होते. काना, वेलांटी, उकार, मात्रा ही चिन्हे आपापल्या व्यंजनाला चिकटूनच प्रवास करतात. हा एक नियम हाताशी पक्का बसला की पुढचे बहुतेक काम शोधण्यापेक्षा गाळण्याचे उरते, आणि या लेखात मी मुख्यतः ते गाळणे कसे करायचे हेच सांगणार आहे.

हा नियम आजच्या कोडेकारांनी बसवलेला नाही. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्य पंडिताच्या ‘रामकृष्णविलोमकाव्यम्’ या संस्कृत काव्यात श्लोक सरळ वाचला की रामाचे वर्णन होते आणि उलट वाचला की कृष्णाचे. त्याच्या पहिल्या श्लोकाची सुरुवात ‘तं भूसुता’ अशी आहे आणि उलट वाचनाचा शेवट ‘तासुभूतम्’ असा येतो: तं, भू, सु, ता आणि परत येताना ता, सु, भू, तम्. अनुस्वार, दीर्घ ऊकार, ह्रस्व उकार ही सगळी चिन्हे ज्या व्यंजनावर होती त्याच व्यंजनावर राहिली आहेत. आपल्या कोड्यातही हेच करायचे असते.

सूचना नेमके काय मागते?

लेखणी उचलण्याआधी ‘उलट’ या शब्दाचा अर्थ ठरवावा. मराठीत ‘याच्या उलट’ म्हणजे विरुद्धार्थी शब्दही असतो, आणि ‘आनंदाच्या उलट’ अशा सूचनेला ‘दुःख’ हे साधे उत्तर असते. ‘उलटा वाचल्यास’, ‘फिरवल्यास’, ‘शेवटून’, उभ्या शब्दासाठी ‘खालून वर’ असे वाचनाच्या दिशेशी जोडलेले शब्द असतील तरच अक्षरे उलटण्याचा प्रश्न येतो. त्यानंतर सूचनेत अर्थ एकच दिला आहे की दोन, हे पाहावे. एकच अर्थ असेल आणि ‘तोच’ किंवा ‘सारखाच’ असा शब्द असेल, तर नयन किंवा जहाज यांसारखा, स्वतःच स्वतःचे उलटे रूप असणारा शब्द हवा आहे. दोन अर्थ असतील तर उलट जोडी हवी आहे, जसे सरळ ‘मका’ आणि उलट ‘काम’. या दोन प्रकारांची गाळणी वेगवेगळी असल्यामुळे हा निर्णय आधी होणे बरे.

शब्द घरांत मोडणे

शंका असलेला प्रत्येक शब्द वर्तमानपत्राच्या समासात लहान चौकोन काढून एकेका चौकोनात एकेक अक्षर असा लिहावा. स्वरचिन्हासह व्यंजन हे एक अक्षर, जोडाक्षर हेही एकच अक्षर, आणि स्वतंत्र स्वर हेही एक अक्षर. ‘मध्यम’ या शब्दात तीन घरे आहेत, म, ध्य, म, आणि म्हणून तो उलटसुलट सारखा आहे. ‘ध्य’ फोडून उलटायचा नसतो. ‘नवीन’ मध्ये न, वी, न. ‘समास’ मध्ये स, मा, स. ‘जहाज’ मध्ये ज, हा, ज.

इथे तीन शब्द हमखास फसवतात. ‘नंदन’ डोळ्यांना सारखा वाटतो, पण पहिल्या घरात ‘नं’ आहे आणि शेवटच्या घरात ‘न’. ‘कंटक’ ची गोष्ट तीच. अनुस्वार हा अक्षराचा भाग आहे, तेव्हा हे दोन्ही शब्द बाद होतात. तिसरा शब्द ‘मर्म’. उच्चारात म, र, म असे ऐकू येते, परंतु रफार पुढच्या अक्षरावर बसतो, म्हणून घरे दोनच होतात, म आणि र्म, आणि ती सारखी नाहीत.

रोमन लिपीत मराठी टंकण्याची सवय असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ‘सारस’ हा पक्षी इंग्रजी अक्षरांत अनेकदा ‘सरस’ सारखाच लिहिला जातो आणि तसा लिहिला की तो उलटसुलट सारखा दिसतो. देवनागरीत मात्र सा, र, स अशी घरे पडतात आणि तो बाद होतो. उलट ‘नवीन’ हा शब्द रोमन अक्षरांत फिरवला तर बिघडतो, देवनागरीत मात्र चोख उतरतो. संगणकावर मजकूर उलटा करून देणाऱ्या साधनांचाही याच कारणाने उपयोग होत नाही. त्यांतली बरीचशी व्यंजन आणि त्याचे स्वरचिन्ह वेगवेगळे मोजतात, म्हणून ‘नदी’ उलटताना वेलांटी सर्वांत आधी येते, मग द, मग न, आणि पडद्यावर वाचता न येणारे काहीतरी उमटते. हाताने काढलेले चौकोन जास्त भरवशाचे.

कोणती अक्षरे टोकाला चालत नाहीत

मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गाळणी ही आहे. मराठीत ‘ण’ किंवा ‘ळ’ ने सुरू होणारे नेहमीच्या वापरातले शब्द नाहीत. त्यामुळे ज्या शब्दाचे शेवटचे अक्षर ण किंवा ळ यांचे कोणतेही रूप आहे, तो उलटला तर शब्द बनणार नाही. पाणी, राणी, काळ, मळा, तळे असे शब्द सुचले तर ते उलटून पाहण्यात वेळ घालवू नये. क्रियापदाचे ‘-णे’ ने संपणारे मूळ रूप, करणे, धावणे, वाचणे, तर सरसकट बाद होते. हीच अक्षरे मधल्या घरात मात्र खुशाल बसतात: ‘कणीक’ मध्ये णी मध्यभागी आहे आणि ‘वाळवा’ मध्ये ळ.

एक प्रसिद्ध फसवणूक याच गाळणीत अडकते. ‘नवरा उलटा केला की रावण’ असे गमतीने म्हणतात, पण न, व, रा उलटल्यावर रा, व, न मिळते, आणि रावणाच्या शेवटी ‘ण’ आहे. ध्वनी जवळचा असला तरी चौकोनात वेगळे अक्षर लागते, आणि आडव्या शब्दातला ‘न’ जर उभ्या शब्दात ‘न’ म्हणूनच हवा असेल तर ‘रावण’ लिहिल्याने पुढचा उभा शब्दही बिघडतो.

ह्रस्व आणि दीर्घ: गाडी इथे अडते

आपण सगळ्यांनी शाळेत ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटसुलट सारखे म्हणून पाठ केलेले असते. ते चौकोनांत लिहून पाहू. चि, मा, का, य, का, मा, ची अशी सात घरे आहेत. दुसरे आणि सहावे जुळते, तिसरे आणि पाचवे जुळते, मधोमध ‘य’ आहे, पण पहिल्या घरात ह्रस्व ‘चि’ आणि सातव्यात दीर्घ ‘ची’. ‘तो कवी डालडा विकतो’ मध्ये तो, क, वी, डा, ल, डा, वि, क, तो अशी नऊ घरे आहेत आणि तिसऱ्यातला ‘वी’ सातव्यातल्या ‘वि’ शी जुळत नाही. ‘भाऊ तळ्यात उभा’ मध्ये दुसऱ्या घरात ‘ऊ’ आणि सहाव्यात ‘उ’ येतो, म्हणूनच काही जण ते जुळवण्यासाठी ‘ऊभा’ असे चुकीचे लिहितात.

या तिन्ही वाक्यांत बिघाड एकाच प्रकारचा आहे आणि तो योगायोग नाही. १९६२ पासून शासनमान्य असलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार साधारणपणे दीर्घ लिहायचा असतो. ‘आणि’, ‘नि’ यांसारखे मोजके अपवाद आहेत. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये मात्र ह्रस्व इकार मुबलक येतो. वाक्य उलटले की एका शब्दाच्या शेवटी असलेले अक्षर दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला जाते, आणि तिथे त्याची वेलांटी बदलते. ‘कवी’ च्या शेवटचा वी ‘विकतो’ च्या सुरुवातीला जाऊन ह्रस्व होतो. ‘भाऊ’ चा शेवटचा ऊ ‘उभा’ च्या आरंभी जाऊन ह्रस्व होतो.

यातून कोडे सोडवणाऱ्याला एक नेमकी कसोटी मिळते. ज्या शब्दाचे पहिले अक्षर ह्रस्व इकार किंवा ह्रस्व उकार घेऊन येते, तो शब्द काटेकोरपणे उलटसुलट सारखा असणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याचे शेवटचे अक्षरही ह्रस्व असावे लागेल. हीच कसोटी जोड्यांनाही लागते. ‘दिवा’ उलटला तर वा, दि. शब्द मात्र ‘वादी’ असा लिहितात. ‘पिता’ उलटला तर ता, पि. नदीचे नाव मात्र ‘तापी’ आहे. याउलट ‘नदी’ आणि ‘दीन’, ‘वीर’ आणि ‘रवी’, ‘तीर’ आणि ‘रती’ या जोड्या निर्दोष आहेत, कारण त्यांतली वेलांटी दोन्ही बाजूंनी दीर्घच आहे.

आता प्रश्न असा की कोडेकार किती काटेकोर आहे. काही कोड्यांत छेदणाऱ्या घरापुरता ह्रस्वदीर्घाचा भेद सोडून दिलेला असतो. ते ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आधीच्या अंकातील सोडवलेले कोडे घ्यावे आणि त्यात इकारान्त शब्द जिथे दुसऱ्या शब्दाला मधूनच छेदतो ते घर तपासावे. तिथे ‘वि’ आणि ‘वी’ एकाच घरात खपवलेले दिसले तर ‘दिवा–वादी’ सारखी जोडीही उत्तर असू शकते. तसे दिसले नाही तर ती सोडून द्यावी. माझे स्वतःचे मत काटेकोर बाजूचे आहे: ‘ती होडी जाडी होती’, ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’, ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ ही वाक्ये एकही वेलांटी न बदलता उलटतात, तेव्हा भाषेत हे शक्य आहे आणि कोड्यातही तीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

प्रत्ययाकडून सुरुवातीकडे

उलटसुलट सारखा शब्द आठवायचा असेल तर बहुतेक लोक नयन, कनक, कडक, सरस, रबर, जलज अशी नामे आठवू लागतात आणि ती पाच-सहा झाली की थांबतात. त्यापेक्षा शेवटाकडून शोधलेले जास्त फळते. मराठी शब्द प्रत्यय घेऊन संपतो, आणि प्रत्यय हे मोजकेच आहेत. म्हणून प्रत्यय धरावा आणि त्याच अक्षराने सुरू होणारा शब्द शोधावा.

‘-ला’ घेतला तर लाजला, लागला, लावला, लाभला, आणि नामांत लाडाला. प्रयोजक क्रियापदाच्या आज्ञेचा ‘-वा’ घेतला तर वाचवा, वाजवा, वाढवा, वाकवा, वाळवा अशी रांगच लागते. ‘-ने’ घेतला तर नेमाने आणि नेटाने. ‘-त’ घेतला तर तळ्यात, तव्यात, तहात. पहिल्या दोहोंत मधले घर जोडाक्षराचे आहे, तरी ते एकच घर आहे. ‘-तो’ घेतला तर तोडतो, तोलतो. ‘-ना’ घेतला तर नाचेना. ‘-ची’ घेतला तर ‘चीनची’, आणि ही बरोबर बसते, कारण ‘चीन’ मधली वेलांटी दीर्घ आहे. सूचनेत ‘रक्षण करा असे सांगणे’ असे असेल तर आज्ञार्थ हवा हे कळते आणि ‘वाचवा’ समोर येतो. ‘भांड्याच्या आत’ असे असेल तर सप्तमी हवी आणि ‘तव्यात’ येतो. सूचनेचे व्याकरण उत्तराचा प्रत्यय सांगते, आणि प्रत्यय पहिले अक्षर सांगतो. मला ही रीत सापडली तेव्हापासून तीन अक्षरी उत्तरे अडलेली फारशी आठवत नाहीत.

अक्षरसंख्या सम असेल तर वेगळा विचार लागतो. सारखा शब्द सम अक्षरांचा व्हायचा तर मध्यावर दोन अगदी सारखी अक्षरे शेजारी यावी लागतात, आणि ‘पक्का’ सारख्या शब्दात दुहेरी व्यंजन जोडाक्षर होऊन एकाच घरात जाते, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. दोन अक्षरांत नाती कामी येतात, काका, मामा, दादा, बाबा. ‘मामी’ मात्र नाही. चार अक्षरी एकच शब्द असा क्वचित मिळतो. तिथे ‘नव वन’ सारखी दोन शब्दांची रचना आहे का ते पाहावे. चार अक्षरी उलट जोडी मात्र मराठीत सहज मिळते आणि ती ध्वनिवाचक शब्दांत लपलेली असते: ‘पटपट’ उलटा केला की ‘टपटप’, ‘टकटक’ उलटा केला की ‘कटकट’.

एक सारखा शब्द, घरोघर

समजा सूचना अशी आहे: ‘उलटसुलट वाचले तरी तेच, जणू पुन्हा जन्म मिळाला (५)’. छेदणाऱ्या उभ्या शब्दावरून चौथ्या घरात ‘व’ पक्का झाला आहे. पाच अक्षरी शब्दात पहिले घर पाचव्याशी आणि दुसरे चौथ्याशी बांधलेले असते, म्हणून दुसऱ्या घरातही लगेच ‘व’ लिहून टाकावा. एका छेदाने दोन घरे भरली. आता चित्र असे दिसते: रिकामे, व, रिकामे, व, रिकामे. दुसरे अक्षर व असलेल्या सुरुवाती आठवाव्यात, नव, भव, सव, रव, आणि शेवटही त्याच अक्षराचा हवा, म्हणजे शेवटची दोन घरे ‘वन’, ‘वभ’, ‘वस’ किंवा ‘वर’ होतील. ‘वभ’ ने शब्द संपत नाही, म्हणून ते गेले. ‘वस’ आणि ‘वर’ ने शब्द संपतात, पण सूचनेत ‘पुन्हा जन्म’ आहे, आणि त्याला ‘नव’ सर्वांत जवळचा. मग न, व, रिकामे, व, न उरते आणि मधले घर, ज्याला कोणाशी जुळायचे बंधन नाही, ते ‘जी’ ने भरते: नवजीवन. भरल्यावर दोन बोटे दोन टोकांवर ठेवून मध्याकडे सरकवावीत, न आणि न, व आणि व, जी एकटा. वेलांटी मधल्या घरात असल्याने तिच्या ह्रस्वदीर्घाचा प्रश्नच उद्भवत नाही.

उलट जोडी, दोन्ही बाजूंनी

जोडीत सोय अशी की दोन अर्थ म्हणजे दोन दारे, आणि ज्या दाराने आत जाणे सोपे तिथून जावे. दोन अक्षरी जोड्यांचा एक साचा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिल्या अक्षराला काना असलेला अकारान्त शब्द उलटला की आकारान्त शब्द मिळतो. काम आणि मका, कान आणि नका, सात आणि तसा, ताप आणि पता, वार आणि रवा, वात आणि तवा, ताल आणि लता, राख आणि खरा, राग आणि फणसाचा गरा. सूचनेतला एक अर्थ आकारान्त वस्तूचा वाटला की दुसऱ्या शब्दाच्या आरंभी काना असणार हे आधीच कळते. ‘चहा’ आणि ‘हाच’ ही जोडीही याच साच्यातली, आणि ‘हाच तो चहा’ हे वाक्य तिच्यावरच उभे आहे.

तीन अक्षरी उदाहरण घेऊ: ‘सर्वांना सारखे लेखणे, उलटे केल्यास तमोगुणी’. पहिल्या अर्थाला समता, समानता, समभाव असे शब्द सुचतात. घरे तीन असल्याने ‘समानता’ आणि ‘समभाव’ चार अक्षरांचे म्हणून जातात. ‘समता’ घरांत लिहिला तर स, म, ता. उलट वाचला तर ता, म, स, म्हणजे ‘तामस’, आणि दुसरा अर्थ बरोबर बसतो. काना ‘त’ बरोबर पहिल्या घरात आला, म्हणून उत्तर जुळले. कानाने उलटणाऱ्याला इथे ‘आतमस’ सारखे काहीतरी मिळते आणि तो योग्य शब्द हातात असून सोडून देतो.

शेवटी ठरवायचे ते इतकेच की दोनपैकी कोणता शब्द कोड्यात लिहायचा. ‘उलटे केल्यास’ च्या आधीचा अर्थ सहसा घरात बसतो आणि नंतरचा फक्त पडताळ्यासाठी असतो, परंतु काही कोडेकार ‘तमोगुणी उलटून आलेली समानता’ अशी रचना करतात आणि तिथे क्रम फिरतो. तीन अक्षरांत मधले घर दोन्ही शब्दांत एकच असल्यामुळे ‘म’ वरून काहीच कळत नाही. पहिल्या किंवा तिसऱ्या घराला छेदणारा उभा शब्द सोडवावा, तिथे ‘स’ येतो की ‘ता’ हे पाहावे आणि मगच शाईने लिहावे.